दुकानाचा भाडेकरार: भाडेवाढ, पोटभाडं, इंटिरिअरचा खर्च आणि गाळा परत देणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुकानांचे भाडेकरार सहीआधी वाचून देणं हे माझं काम. पण लोक प्रश्न घेऊन येतात ते बहुधा सही झाल्यावर, आणि त्यातले निम्मे तर गाळा सोडायच्या महिन्यात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. भाडेवाढ, पोटभाडं, इंटिरिअर आणि गाळा पूर्ववत करणं ही चार कलमं करारात वेगवेगळ्या पानांवर असतात, पण चारही एकाच पैशाबद्दल बोलतात: दुसऱ्याच्या भिंतीला तुम्ही जे स्क्रूने पक्कं केलं त्याबद्दल.

हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळीकडे एकच गाळा धरला आहे. मुदत ९ वर्षं. पहिल्या वर्षाचं भाडं महिना १००. भाडेकरूने इंटिरिअरवर घातलेले पैसे १८००, म्हणजे दीड वर्षाचं भाडं. अनामत ६००. चलन तुम्ही तुमचं लावा.

१. "दरवर्षी ५ टक्के वाढ" एवढं लिहिलं की पुरतं ना?

नाही. ५ टक्के कशावर, हे लिहावं लागतं. मूळ भाड्यावर म्हटलं तर दरवर्षी ५ वाढतील आणि नवव्या वर्षी भाडं १४० होईल. "लगतच्या आधीच्या भाड्यावर" म्हटलं तर वाढीवर वाढ चढत जाते आणि नवव्या वर्षी ते १४७.७५ होतं. पूर्ण ९ वर्षांत या दोन वाचनांत मूळ भाड्याच्या पावणेतीन महिन्यांइतका फरक पडतो. शब्द मोघम असले की मालक दुसरं वाचन धरतो, भाडेकरू पहिलं, आणि भांडण सुरू होतं तिसऱ्या वर्षी, कारण दुसऱ्या वर्षी दोघांचंही उत्तर १०५ च येतं.

यावर साधा उपाय आहे. कराराला एक तक्ता जोडा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत किती भाडं, अशा नऊ ओळी. कलम आणि तक्ता जुळले नाहीत तर तक्ता ग्राह्य, हेही लिहा.

२. दरवर्षी ५ टक्के घ्यावं की दर तीन वर्षांनी १५ टक्के? दोन्ही सारखंच ना?

ऐकायला सारखं वाटतं, पण तसं नाही. दरवर्षी ५ टक्के (वाढीवर वाढ) धरलं तर आमच्या गाळ्याचं महिन्याचं भाडं तीन वर्षांनी ११५.७६, सहा वर्षांनी १३४ आणि शेवटच्या वर्षी १४७.७५ असतं. दर तीन वर्षांनी १५ टक्के धरलं तर ते पहिली तीन वर्षं १००, मग ११५, मग १३२.२५. टप्प्याच्या वाढीत मधली वर्षं जुन्याच भाड्यावर निघतात. नऊ वर्षांची बेरीज केली तर दुसरा प्रकार मूळ भाड्याच्या सात महिन्यांहून थोडा जास्तच स्वस्त पडतो.

मालकही हा हिशेब जाणतो, म्हणून टप्प्याची वाढ मागितली की तो टक्का वाढवून मागतो. घासाघीस जरूर करा, पण टक्क्यावर करू नका. दोन्ही तक्ते शेजारी मांडा आणि नऊ वर्षांच्या बेरजेवर बोला.

३. सुरुवातीला इंटिरिअरसाठी दोन महिने भाडंमाफी आहे. पहिली वाढ कधीपासून मोजायची?

भाडं सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजावी, पण छापील मसुद्यात बहुतेक वेळा "कराराच्या तारखेपासून" असतं. म्हणजे ताबा १ एप्रिलला, भाडं सुरू १ जूनला आणि पहिली वाढ पुढच्या १ एप्रिलला. दहाच महिने भाडं भरलं तोवर वाढ आली. पुढची प्रत्येक वाढही अशीच दोन महिने आधी येते. दरवर्षी ५ टक्क्यांच्या हिशेबात नऊ वर्षांत हे ९५ च्या वर जातं, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचं भाडं. माफी दोन महिन्यांची दिली, आणि त्यातला एक महिना मागच्या दाराने परत घेतला.

माफीच्या काळात देखभाल शुल्क आणि वीज लागू आहे का, तेही बघून घ्या. "भाडंमाफी" या शब्दात ती दोन्ही आपोआप येत नाहीत.

४. वाढ महागाई निर्देशांकाला जोडली आहे. ते बरं की वाईट?

निर्देशांकाचं नाव, कोणत्या महिन्याचा आकडा आणि वाढीची कमाल मर्यादा, या तीन गोष्टी लिहिलेल्या असतील तर ठीक आहे. मर्यादा नसेल तर सही करू नका. एक चूक मी पुन्हा पुन्हा बघतो: निर्देशांक १८० वरून १८९ झाला की मालकाचा हिशेबनीस ९ टक्के वाढ लावतो. वाढ ९ अंकांची आहे, टक्के ५ च होतात. शिवाय सरकारं निर्देशांकाचं आधारवर्ष अधूनमधून बदलतात. तसं झालं तर जुनी आणि नवी मालिका कशी जोडायची, याचं एक वाक्य करारात हवं.

५. चौथ्या वर्षी "बाजारभावाप्रमाणे नवं भाडं ठरेल" असं कलम आहे. यात धोका काय?

धोका हा की तुम्ही स्वतः केलेल्या कामावर तुम्हालाच भाडं भरावं लागेल. तुम्ही १८०० घालून ओसाड गाळ्यात पोटमाळा, चांगली फरशी, वातानुकूलन आणि वाढीव वीजभार आणलात. चौथ्या वर्षी मूल्यांकन करणारा येतो, समोर दिसणारा गाळा बघतो आणि त्याचं भाडं सांगतो. तो गाळा त्या अवस्थेत कुणी आणला, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

ही भीती काल्पनिक नाही. इंग्लंडमध्ये एका कारखान्याच्या खटल्यात भाडेकरूने मालकाच्या परवानगीने स्वखर्चाने सुधारणा केल्या होत्या. पुढे भाडं नव्याने ठरवताना त्या धरायच्या की नाही, हा प्रश्न हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ साली तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला की त्या धरायच्या, कारण कलमात "या जागेचं वाजवी भाडं" एवढंच होतं आणि सुधारणा वगळा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पाचातल्या दोघांना ते अन्याय्य वाटलं, पण भाडेकरूला त्याचा उपयोग काय!

म्हणून अशा कलमात हे वाक्य घालून घ्या: "बाजारभाव ठरवताना भाडेकरूने, त्याच्या पूर्वीच्या भाडेकरूने किंवा पोटभाडेकरूने स्वखर्चाने केलेली कामं आणि भाडेकरूच्या धंद्यामुळे जागेला आलेली किंमत विचारात घेतली जाणार नाही." पोटभाडेकरूचा उल्लेख का, ते प्रश्न १२ मध्ये कळेल.

आणखी एक बघा. बाजारभाव खाली आला तर भाडं उतरतं का? "नवं भाडं चालू भाड्यापेक्षा कमी असणार नाही" असं वाक्य असेल तर हा रस्ता फक्त वर जातो. तसं असेल तर निदान वाढीला वरची मर्यादा मागा.

६. इंटिरिअरमधलं काय माझं आणि काय गाळ्याचं?

करारात यादी असेल तर यादीप्रमाणे. नसेल तर ढोबळ कसोटी अशी: पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन, भिंत किंवा फरशी न फोडता निघतं ते तुमचं. सुटी कपाटं, काउंटर, शोकेस, सुटे दिवे, नावाचा बोर्ड हे याच वर्गात येतात. फरशी, गिलावा, भिंतीत गाडलेल्या वायरी आणि पाइप गाळ्याचे होतात. वाद होतो तो मधल्या वस्तूंवर: फॉल्स सीलिंग, काचेची पार्टिशन, वातानुकूलनाची बाहेरची युनिटं, लोखंडी पोटमाळा, मुख्य विद्युत पॅनेल.

या मधल्या वस्तूंसाठी तीन रकान्यांची यादी करारालाच जोडावी: नेणार, काढून टाकणार, सोडून जाणार. "नेणार" आणि "काढून टाकणार" यांतला फरक लक्षात घ्या. पहिला तुमचा हक्क आहे, दुसरं तुमचं ओझं.

हक्काला वेळेची अटही असते. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, भाडेकरू आपण जोडलेल्या वस्तू मुदत संपल्यानंतरही काढू शकतो, पण ताबा त्याच्याकडे आहे तोवरच. किल्ल्या दिल्या की तो हक्क संपला. "दोन दिवसांनी टेम्पो पाठवतो" असं म्हणून किल्ल्या देऊन गेलेले आणि मग एसीसाठी चकरा मारणारे लोक मी बघितले आहेत.

७. मालकाने इंटिरिअरचे नकाशे सही करून मंजूर केले होते. आता तो ते काढायला कसा सांगू शकतो?

सांगू शकतो. काम करायला दिलेली संमती म्हणजे ते कायम ठेवायला दिलेली संमती नव्हे. तो शब्द मंजुरीच्या वेळीच लिहून घ्यायचा असतो. नकाशाच्या मंजुरीपत्रातच विचारा की यातलं काय शेवटी काढावं लागेल, आणि उत्तर लेखी घ्या. त्या वेळी मालकाला भाडं सुरू व्हायची घाई असते, त्यामुळे तो मोकळ्या मनाने उत्तर देतो. नऊ वर्षांनी तसं होत नाही.

८. मालक इंटिरिअरला हातभार लावतोय, पण "मुदतीआधी सोडल्यास परत करावा" अशी अट आहे. ही अट मान्य करावी का?

अट रास्त आहे, फक्त परत करायची रक्कम वर्षागणिक उतरली पाहिजे. समजा मालकाने ५४० दिले. नऊ वर्षांत सारखे वाटले तर वर्षाला ६०. तुम्ही पाच वर्षांनी सोडलंत तर चार वर्षांचे २४० परत. अट नुसती "दिलेली रक्कम परत करावी" अशी असेल तर आठव्या वर्षी सोडूनही पूर्ण ५४० द्यावे लागतील.

दुसरी बाजूही तपासा. मालकाने पैसे दिले म्हणजे त्या वस्तू त्याच्या झाल्या का? कलमात तसं असेल तर त्या वस्तू शेवटी काढायचं ओझंही त्याचंच असायला हवं. वस्तू मालकाची आणि काढायचा खर्च भाडेकरूचा, अशी वाक्यं मसुद्यात सर्रास सापडतात.

९. मालकानेच मध्येच गाळा परत मागितला तर माझे इंटिरिअरचे पैसे बुडाले का?

करारात भरपाईचं कलम नसेल तर बहुधा बुडालेच. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मध्येच न सोडण्याची अट, दोघांवर आहे की फक्त तुमच्यावर, हे आधी बघा. मालक सुटू शकत असेल तर प्रश्न ८ मधलाच हिशेब उलटा लावून घ्या: १८०० भागिले ९ म्हणजे वर्षाला २००, चार वर्षांनी काढलं तर उरलेले १००० मालकाने द्यायचे, आणि गाळा पूर्ववत करायची अट त्या वेळी लागू नाही. यासाठी खर्चाची बिलं काम संपल्यापासून महिन्याभरात मालकाला देऊन पोच घ्यावी लागते. चार वर्षांनी सुताराची बिलं शोधायला लागलात तर मिळणार नाहीत.

१०. दुकानातला एक कोपरा दुसऱ्याला काउंटर लावायला दिला. हे पोटभाडं झालं का?

त्याला कोणते शब्द दिलेत यापेक्षा त्याला काय दिलंत हे बघितलं जातं. त्या जागेवर त्याचा एकट्याचा ताबा असेल, तो स्वतःच्या किल्लीने उघडत असेल, तुमची वेळ त्याला लागू नसेल, तर कागदावर "सेवा करार" लिहिलं तरी ते पोटभाडं ठरण्याची शक्यता जास्त. तुमच्याच वेळेत, तुमच्या बिलावर, तुम्ही सांगाल तिथे काउंटर हलवायच्या अटीवर तो बसत असेल तर बाजू बरीच भक्कम होते.

पण तुमच्या करारात नुसतं "पोटभाडं देऊ नये" आहे की "कोणत्याही स्वरूपात जागेचा वापर अन्य व्यक्तीस देऊ नये", हेही वाचा. दुसऱ्या वाक्यात फ्रँचायझी, नातेवाइकाची फर्म, एटीएम, सगळं अडकतं. नवा भागीदार घेणं किंवा कंपनीचे बहुसंख्य शेअर विकणंही काही मसुद्यांत "हस्तांतरण" धरलेलं असतं. घरातल्या घरात फर्मची कंपनी करायची असेल तर तेवढी सूट नावानिशी मागून ठेवा.

११. आमच्या करारात पोटभाड्याबद्दल एक शब्दही नाही. मग देऊ शकतो ना?

हे कुठला कायदा लागू आहे त्यावर आहे, आणि एकाच देशात उत्तर उलटं होऊ शकतं. वर सांगितलेला १८८२ चा कायदा म्हणतो की करारात मनाई नसेल तर भाडेकरू पोटभाड्याने देऊ शकतो. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा कलम २६ मध्ये बरोबर उलटं म्हणतो: करारात मुभा नसेल तर देता येत नाही. म्हणजे करार गप्प बसला की एकीकडे हो आणि दुसरीकडे नाही. बाकी ठिकाणीही असेच दोन पंथ आहेत. करारात स्पष्ट वाक्य घालून घेणं हाच मार्ग. ते वाक्य मनाईचं असलं तरी निदान तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं.

१२. "मालकाच्या पूर्वसंमतीने" पोटभाड्याला परवानगी आहे, पण मालक उत्तरच देत नाही. शिवाय वरच्या पैशात वाटा मागतो. काय करावं?

नुसतं "संमतीने" हे अपुरं आहे. त्याच्यापुढे दोन तुकडे हवेत: "संमती विनाकारण नाकारली जाणार नाही" आणि "लेखी अर्जानंतर ३० दिवसांत उत्तर न आल्यास संमती मिळाली असं धरलं जाईल". अर्जासोबत पोटभाडेकरूचा धंदा, कराराचा मसुदा आणि तो करणार असलेल्या कामाचा नकाशा द्या. अर्धवट अर्जावर ३० दिवस मोजायला सुरुवात होत नाही, असं मालकाचा वकील म्हणेल आणि ते चूक नाही.

वाट्याबद्दल आमचा गाळा घेऊ. चौथं वर्ष, भाडं ११५ (टप्प्याची वाढ). तुम्ही एक तृतीयांश जागा ४५ ला दिलीत. त्या तुकड्याचा भाड्यातला हिस्सा ३८.३३, म्हणजे वरचे महिन्याला ६.६७. मालकाचं कलम म्हणतं वरच्या पैशात निम्मा वाटा. पण पार्टिशन, वेगळा वीजमीटर आणि वेगळं दार यांवर तुम्ही ८० घातलेत. ते आधी फिटायला बारा महिने लागतात. कलमात "भाडेकरूचा रास्त खर्च वसूल झाल्यावर" हे पाच शब्द असतील तर वाटा पाचव्या वर्षापासून सुरू होतो, नसतील तर पहिल्याच महिन्यापासून ३.३३ जातात आणि पार्टिशनचा खर्च फिटायला बाराऐवजी चोवीस महिने लागतात.

एक गोष्ट विसरू नका: पोटभाडेकरू आला तरी मालकाशी करार तुमचाच. त्याने भाडं थकवलं तरी तुम्ही पूर्ण ११५ भरायचे. त्याने भिंत फोडली तरी मालक बिल तुम्हाला लावणार. त्याने पोटमाळा टाकला आणि प्रश्न ५ मधलं वाक्य नसलं, तर त्याच्या पोटमाळ्यामुळे तुमचं भाडं वाढणार.

१३. पोटभाडेकरूचा करार किती मुदतीचा करावा?

तुमच्या मुदतीपेक्षा निदान महिना-दीड महिना आधी संपणारा. पार्टिशन काढून जागा एकसंध करायला तेवढा वेळ लागतो. त्याच्याकडून घ्यायच्या अनामतीत त्याच्या तोडफोडीचा खर्चही धरा. तुमच्या मुख्य करारातलं पूर्ववत करण्याचं कलम त्याच्या करारात शब्दशः उतरवा.

१४. "जागा मूळ स्थितीत परत करावी" म्हणजे नेमकी कुठली स्थिती?

या एका शब्दावर सगळ्यात जास्त पैसे जातात. "मूळ" चे तीन अर्थ निघू शकतात: तुम्ही ताबा घेतला त्या दिवशीची, इमारत बांधली तेव्हाची कोरी, किंवा "चांगल्या व भाड्याने देण्यायोग्य" अशी. तिसऱ्यात तुम्हाला मिळालेला गाळा मळका होता तरी परत रंगवून द्यावा लागू शकतो. तुम्हाला पहिला अर्थ हवा, आणि तो नुसता लिहून पुरत नाही, सिद्ध करता आला पाहिजे.

त्यासाठी ताब्याच्या दिवशी, सामान आत जाण्याआधी, स्थितीची नोंद करा. मी अशी करायला लावतो: दारात उभं राहून डावीकडून सुरू करायचं, चारही भिंती, मग छत, मग फरशी, मग शटर, मग पॅनेल. प्रत्येक भिंतीचा एक पूर्ण फोटो आणि प्रत्येक दोषाचा जवळून एक, शेजारी मोजपट्टी धरून. वीजभार किती मंजूर आहे, पाण्याची जोडणी कुठवर आहे, छताला ओल आहे का, हे लिहायचं. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि ती पानं कराराचं परिशिष्ट. फोनमधले सहीविना फोटो नऊ वर्षांनी फोनसकट गेलेले असतात.

१५. "नेहमीची झीज वगळून" असं आहे. भिंतीतली स्क्रूची भोकं झीज आहे का?

रंग फिका पडणं, वाटेवरची फरशी घासणं, शटरची पट्टी सैल होणं ही झीज. वापरामुळे आपोआप होतं ते. तुम्ही ड्रिल लावून पाडलेलं भोक हे केलेलं काम, झीज नव्हे. एका गाळ्याच्या पाहणीत मालकाचा माणूस खडूने भोकांवर गोल करत चालला होता. एकाच भिंतीवर ४६ गोल झाले, आणि त्याने प्रत्येक भोकाचा वेगळा दर लावला. करारात "भोकं बुजवून भिंतीला एक हात रंग" एवढं असतं तर तो मोजत बसला नसता. ओल आणि गळतीचा प्रश्न वेगळा: स्लॅबमधून पाणी येत असेल तर ती बहुधा मालकाची दुरुस्ती, पण तुमच्या एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या छिद्रातून येत असेल तर तुमची.

१६. काढायचं काम मुदत संपण्याआधी करायचं की नंतर?

करारात काही नसेल तर आधी. म्हणजे मुदत ३१ मार्चला संपत असेल आणि कामाला तीन आठवडे लागत असतील तर धंदा १० मार्चच्या आसपास बंद, भाडं मात्र ३१ पर्यंत. लोक शेवटच्या दिवसापर्यंत विक्री करतात आणि १ एप्रिलला हातोडा काढतात. तेव्हा ते मुदतीनंतर बसलेले असतात, आणि अशा काळासाठी करारात बहुतेक वेळा दुप्पट भाडं असतं. तीन आठवडे दुप्पट म्हणजे सहा आठवड्यांचं भाडं, तेही वाढलेल्या दराने.

माझा क्रम असा असतो. सहा महिने आधी कलम आणि परिशिष्ट वाचायचं आणि मालकाला लेखी विचारायचं की काय ठेवू, काय काढू. तीन महिने आधी दोघांनी मिळून पाहणी करून यादीवर सह्या. मग दोन ठिकाणचे दर घ्यायचे. तोडफोडीत मलबा वाहून नेणं, आगीच्या यंत्रणेचे स्प्रिंकलर जुन्या जागी आणणं आणि वाढीव वीजभार कमी करून घेणं या गोष्टी दरपत्रकात हमखास सुटतात. शेवटच्या दिवशी मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या आणि "यादीतली कामं पूर्ण" हे वाक्य असलेली ताबा पावती. पावती मिळेपर्यंत किल्ली द्यायची नाही.

करार करतानाच मुदतीनंतरचे १५ दिवस साध्या भाड्याने मागून ठेवले तर ही सगळी घालमेल वाचते.

१७. मालक पूर्ववत करण्यासाठी अनामतीतून ४५० कापतोय, पण नवीन भाडेकरूला माझंच इंटिरिअर दाखवतोय. हे चालतं का?

करारात "मालकाच्या अंदाजाप्रमाणे वजावट" असेल तर तो दामटेल. "प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या बिलाइतकी" असेल तर काम नाही म्हणजे वजावट नाही. हाच फरक आधी मागून घ्यायचा.

कायद्यातही या विचाराला आधार सापडतो. इंग्लंडच्या १९२७ च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या कलम १८ मध्ये दुरुस्ती न केल्याबद्दलची भरपाई, त्यामुळे मालकाच्या मालमत्तेची किंमत जेवढी घटली तेवढ्यापुरती मर्यादित आहे, आणि इमारत पाडायचीच असेल तर ती मिळतच नाही. सगळीकडे असा नियम नाही, आणि तिथेही तो दुरुस्तीच्या कलमापुरता आहे. पण वाटाघाटीत हे तत्त्व करारात उतरवायला कुणी आडकाठी करत नाही.

१८. फॉल्स सीलिंग माझ्याआधीच्या भाडेकरूचं आहे. तेही मीच काढायचं?

ताब्याच्या नोंदीत ते दिसत असेल तर नाही, कारण तुमची "मूळ स्थिती" त्यासकट आहे. पण जुन्या भाडेकरूकडून तुम्ही इंटिरिअर विकत घेतलं असेल किंवा त्याचाच करार तुमच्या नावावर झाला असेल, तर त्याची जबाबदारीही तुमच्याकडे आली. तेव्हा त्याने ताबा घेतला त्या दिवसाची नोंद मागा. ती नसेल तर खरेदीच्या किमतीतून तोडफोडीचा खर्च वजा करा.

१९. नऊ वर्षं संपली, त्याच गाळ्याचा नवा करार करतोय. जुन्या इंटिरिअरचं काय होतं?

इथे भले भले फसतात, कारण सगळं तसंच असतं, फक्त कागद बदलतो. नवा करार ही नवी सुरुवात असते. त्यात "जागा आज आहे त्या स्थितीत" असं लिहिलं की तुमचा पोटमाळा, पॅनेल आणि पार्टिशन "आज आहे त्या" गाळ्याचा भाग झाले. याने तुमचा फायदाही होतो, तोटाही. ते काढायचं ओझं गेलं, पण ते नेण्याचा हक्कही गेला, आणि पुढे बाजारभावाने भाडं ठरलं तर प्रश्न ५ मधल्या वगळणुकीत ते बसेलच असं नाही. उलट मालक चलाख असेल तर नव्या करारात "कोरा गाळा परत करावा" टाकतो, म्हणजे ओझं राहतं आणि हक्क जातो.

काय हवं ते ठरवा आणि एका वाक्यात लिहा. इंटिरिअर नवं आणि महागडं असेल तर: "पूर्वीच्या करारान्वये भाडेकरूने केलेली कामं या कराराखाली केली असं समजलं जाईल", आणि जुनं परिशिष्ट पुन्हा जोडा. इंटिरिअर जुनाट झालं असेल तर "आज आहे त्या स्थितीत" हेच तुमच्या सोयीचं आहे, काही बोलू नका.

२०. पुढचा भाडेकरू माझं इंटिरिअर विकत घ्यायला तयार आहे. मालकाला विचारावं लागेल का?

हो, कारण व्यवहार दोघांचा असला तरी गाळा पूर्ववत करण्याचं तुमचं ओझं मालकाशी बांधलेलं आहे, आणि ते नव्या माणसाच्या खिशात आपोआप जात नाही. तिघांच्या सहीचा एक पानी कागद करा: या यादीतल्या वस्तू नवा भाडेकरू घेतो, त्या काढायची जबाबदारी आजपासून त्याची, आणि मालक जुन्या भाडेकरूला त्यातून मोकळं करून अनामत अमुक तारखेला परत देतो. आमच्या गाळ्यात नव्या भाडेकरूने तुम्हाला ३०० दिले आणि तोडफोडीचे ४५० वाचले, तर ७५० चा फरक या एका पानावर आहे. मालक सही करायला टाळाटाळ करत असेल तर नव्याकडून पैसे घेऊ नका, कारण तेव्हा वस्तू त्याच्या, आणि काढायचं बिल तुमचं.